रिफिलनंतर ‘कार्ट्रिज ओळखता येत नाही’: आठ महिन्यांच्या वापराचा अनुभव

वापरात दोन इंकजेट प्रिंटर आहेत. पहिल्यात एक काळं आणि एक तीनरंगी, अशी दोनच कार्ट्रिज बसतात. ज्यातून शाई उडते ते हेड कार्ट्रिजच्या तळालाच असतं. दुसऱ्यात चार रंगांच्या चार वेगळ्या टाक्या आहेत, हेड प्रिंटरमध्येच कायमचं आहे आणि प्रत्येक टाकीवर नखाएवढी चिप आहे. रिफिल केल्यावर दोन्ही प्रिंटर जवळपास एकाच भाषेत कुरकुरतात: कार्ट्रिज ओळखता येत नाही किंवा जुळत नाही. पण दोघांची कारणं वेगळी आहेत, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी हेडवालं कार्ट्रिज. त्याच्या पाठीला तांबूस-सोनेरी ठिपक्यांची एक पातळ लवचीक पट्टी असते, ती खाली वळून हेडपर्यंत जाते. कार्ट्रिज खटकन बसलं की हे ठिपके आतल्या स्प्रिंगच्या पिनांवर टेकतात. शाईचा एकेक थेंब उडवण्याची वीज आणि कार्ट्रिजची ओळख, दोन्ही याच ठिपक्यांतून जातं. शाई पाण्याची असते, त्यात विरघळलेले क्षार असतात, म्हणजे तिच्यातून वीज वाहते. दोन ठिपक्यांच्या मध्ये शाईची फिकट झिलई राहिली तरी प्रिंटरला चुकीचे सिग्नल जातात, आणि तो सरळ ‘जुळत नाही’ म्हणून मोकळा होतो. आत शाई किती आहे याच्याशी त्या मेसेजचा काही संबंध नसतो.

काळ्या कार्ट्रिजचंच उदाहरण घ्या. ५ मिली शाई सिरिंजने घाईघाईत भरली, दोन मिनिटांत परत बसवलं आणि मेसेज आला. कार्ट्रिज काढून उजेडात तिरकं धरलं, तर खालच्या दोन ओळींतल्या ठिपक्यांमध्ये राखाडी डाग दिसला. झालं असं की, आतला स्पंज शाई सावकाश पितो. भराभर ढकललेली शाई खाली हेडमधून बाहेर आली, आणि टिश्यूने पुसताना हात वरच्या दिशेने फिरल्यामुळे ती पट्टीवर चढली. इलाज साधा आहे. टिश्यूची चार पदरी घडी करून त्यावर हेड नुसतं टेकवायचं, घासायचं नाही. टिश्यूवर पसरट डबका न उमटता रेखीव पट्टा उमटला की जास्तीची शाई निघाली असं समजा. मग धागे न सुटणारं कापड, चष्मा पुसायचं चालतं, पाण्याने जेमतेम ओलसर करून फक्त ठिपके पुसायचे, हेडपासून लांब जाणाऱ्या दिशेने. पाणी नळाचं नको, त्यातले क्षार ठिपक्यांवर वाळतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. प्रिंटर बंद करून, वायर काढून आतल्या पिनाही तशाच ओलसर कापडाने पुसायच्या. इअरबडचा कापूस पिनांत अडकतो, तो टाळलेला बरा. दहा मिनिटं वाळू दिलं आणि दुसऱ्या खेपेला कार्ट्रिज ओळखलं गेलं. काही जण खोडरबर घासतात. त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि भुगा पिनांत जातो, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये.

हा खटाटोप टाळायचा असेल तर एकदम ५ मिली भरायचीच कशाला? काळ्यात ४ मिली, तीही दोन-तीन मिनिटं घेऊन. तीनरंगीत प्रत्येक रंगाच्या भोकात दीड ते दोन मिली पुरते, आणि आधी टूथपिक घालून कुठल्या भोकात कुठला रंग आहे ते बघायचं. एकदा रंग मिसळले की कार्ट्रिज गेलंच. भरून झाल्यावर भोक चिकटपट्टीने घट्ट बंद करू नका. आत हवा गेली नाही तर छपाई मध्येच फिकी पडते.

ठिपके स्वच्छ असूनही मेसेज जात नसेल तर मात्र गोष्ट वेगळी. या प्रकारच्या हेडमध्ये बारीक हीटर असतात. ते शाईचा बुडबुडा करून थेंब बाहेर फेकतात, आणि त्यांना थंड ठेवते तीच शाई. पान पांढरं निघेपर्यंत छापत राहिलं तर हीटर कोरडे तापून जळतात. असं कार्ट्रिज कितीही पुसलं तरी परत जिवंत होत नाही. ओळखायची खूण वेळेची आहे: भरल्याभरल्या मेसेज आला तर बहुधा ठिपक्यांवरची शाई; कार्ट्रिज कोरडं पळवल्यावर आला आणि तीनदा पुसूनही टिकला तर हेड जळालेलं. म्हणून अक्षरं फिकी पडू लागली की त्याच दिवशी भरावं. इथे काळं कार्ट्रिज पाच रिफिल टिकलं, सहाव्याला टेस्ट पेजवर पांढऱ्या रेघा आल्या आणि नंतर मेसेजही कायमचा बसला. पाच रिफिलनंतर तक्रार करण्यात अर्थ नाही.

‘शाई संपली’ हा मेसेज या सगळ्यात धरू नये. तो उडवलेल्या थेंबांच्या मोजणीवरचा अंदाज असतो. कॅनॉनच्या दोन कार्ट्रिजवाल्या बऱ्याच प्रिंटरवर E13 किंवा E16 आला की Stop बटण पाच सेकंद दाबून ठेवायचं; शाईची मोजणी बंद होऊन छपाई चालू राहते. मोजणी बंद झाल्यावर शाईवर नजर आपणच ठेवायची.

चार टाक्यांच्या प्रिंटरमध्ये मात्र हाच अंदाज टाकीच्या चिपमध्ये लिहिला जातो. आकडा शून्यावर आला की टाकी काठोकाठ भरा, प्रिंटर रिकामीच समजतो. इथे पुसण्याने काही होणार नाही. रिसेटर नावाच्या छोट्या उपकरणाने चिप परत भरलेली दाखवावी लागते, नाहीतर आपोआप रिसेट होणारी चिप लावलेल्या टाक्या घ्याव्या लागतात. रिसेटर घेताना चिपचा नंबर जुळतो का बघा, सगळ्यांना एकच चालत नाही. रिसेटरच्या पिना चिपच्या ठिपक्यांवर सरळ टेकवून त्याच्या दिव्याचा रंग बदलेपर्यंत हलवायचं नाही. बदली चिप अर्धा मिलिमीटर सरकून चिकटली तरी ‘ओळखता येत नाही’ परत हजर.

अशी बाहेरची चिप महिनोन्महिने चालून फर्मवेअर अपडेटनंतर अचानक नाकारली जाऊ शकते. एचपीच्या डायनॅमिक सिक्युरिटी असलेल्या प्रिंटरबद्दल कंपनीच सांगते की बिगर-एचपी चिपची कार्ट्रिज अडवली जाऊ शकतात, पण मूळ एचपी चिप असलेली, पुन्हा भरलेली कार्ट्रिज चालतात. म्हणजे रिफिल करायचं असेल तर आपल्याच कार्ट्रिजची मूळ चिप सांभाळणं केव्हाही फायद्याचं. त्याच कंपनीच्या काही प्रिंटरवर कार्ट्रिज प्रोटेक्शन नावाची सेटिंग असते. ती चालू असताना बसवलेलं कार्ट्रिज त्याच प्रिंटरशी कायमचं बांधलं जातं, नंतर सेटिंग बंद करूनही सुटत नाही. रिफिलच्या दुकानात ‘तुमचं ठेवा, हे भरलेलं न्या’ अशी अदलाबदल चालते, तिथे दुसऱ्याचं बांधलेलं कार्ट्रिज पदरात पडलं तर पुसून, रिसेट करून काहीही होणार नाही. त्यामुळे आपलंच भरून मागायचं, आणि देण्याआधी लेबलच्या कोपऱ्यात मार्करने खूण करायची, ठिपक्यांपासून लांब.