आण्णा, डोळे मिटून बसायला लागून आठ महिने झाले

नाशिक

तीर्थरूप आण्णांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या एकादशीला तुम्ही फोनवर विचारलंत, "तुला काय कमी पडलं म्हणून रोज डोळे मिटून बसतोस?" मी "नंतर सांगतो" म्हणून विषय टाळला. खरं उत्तर फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, कारण त्याची सुरुवात तुमच्यापासून होते.

गेल्या वर्षीचा मार्च आठवा. व्यापारी दीड एकराची द्राक्षं तोडून घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी त्याचा फोन बंद लागायला लागला. मी अंबडच्या कारखान्यातली दुसरी शिफ्ट टाकून गाडीवर आलो. अंगणात आई होती, काका होते, बागेत काम करणाऱ्या दोन बायका होत्या. त्या सगळ्यांसमोर मी तुम्हाला म्हणालो, "तुम्हाला व्यवहार कळत नाही, निदान आता तरी अक्कल येऊ द्या." तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. टोपी घातलीत आणि बागेत तार ओढायला निघून गेलात.

त्या रात्री खोलीवर मला झोप लागली नाही. पश्चात्ताप होताच, पण त्याहून जास्त एका गोष्टीची भीती वाटली. ते वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. तोंडातून बाहेर पडल्यावर ते मला ऐकू आलं. कारखान्यातही तसंच चाललं होतं. हेल्परवर ओरडायचो आणि ओरडून झाल्यावर कळायचं की ओरडलो. मशीनवर टूल तुटायच्या आधी आवाज बदलतो, लोड वाढतो, काहीतरी कळतं. माझ्या रागाचं आधी काहीच कळत नव्हतं.

आमच्या शिफ्टला एक वयस्कर सेटर आहेत. दहा वर्षांपूर्वी ते इगतपुरीला विपश्यनेचं, म्हणजे ध्यान शिकवण्याचं दहा दिवसांचं शिबिर करून आले आणि तेव्हापासून रोज बसतात. त्यांनी मला उपदेश केला नाही. फॉर्म कसा भरायचा तेवढं सांगितलं, आणि आजाराबद्दल, गोळ्यांबद्दल विचारलेलं सगळं खरं लिही म्हणाले. मानसिक आजार मोठा असेल तर हे शिबिर त्या माणसासाठी नाही, आणि लपवून जाणं धोक्याचं आहे, हेही तेच बोलले.

तुम्हाला पैशाची काळजी होती, म्हणून ते आधी सांगतो. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचेच पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण केल्याशिवाय दानसुद्धा घेत नाहीत. दुसरी काळजी, पोरगा साधू होतो की काय. ही विद्या भारतात परत आणणारे गोएंका गुरुजी ब्रह्मदेशात वाढलेले व्यापारी होते, बायकामुलं असलेले. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन तर तिथल्या सरकारचे महालेखापाल होते. गुरुजी 1969 साली भारतात आले, इगतपुरीचं केंद्र 1976 साली सुरू झालं. ते 2013 साली गेले, आता त्यांच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रणावर शिकवतात.

जुलैत मी रजा काढून गेलो. पहाटे 4 ला घंटा, साडेचारपासून बसणं, दिवसभरात मिळून दहा तासांच्या आसपास. मोबाईल जमा. दहाव्या दिवसापर्यंत आपसात बोलायचं नाही. जेवण अकराला. संध्याकाळी नव्या माणसाला चहा आणि फळ. पावसात इगतपुरीला दिवस दिवस ऊन दिसत नाही, पांघरूण ओलसर लागतं. त्याबद्दल तक्रार नाही, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने पावसाळ्यात स्वेटर न्यावा.

पहिले साडेतीन दिवस एकच काम असतं, त्याला आनापान म्हणतात. नाकपुड्यांच्या तोंडाशी आणि वरच्या ओठाच्या वर जेवढी जागा आहे, तिथे लक्ष ठेवायचं. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, डाव्या नाकपुडीतून की उजव्या, लांब की आखूड, एवढंच बघायचं. मला वाटलं, ह्यात काय अवघड? मी जोर लावून श्वास घ्यायला लागलो, म्हणजे नीट कळेल. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं जड, कपाळ आवळल्यासारखं. दुपारी आचार्यांना भेटायची वेळ असते, तेव्हा विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही श्वास घेताय. घेऊ नका. येतो तो बघा." एवढ्या वाक्यावर माझा पुढचा दीड दिवस गेला. आण्णा, पाटाला पाणी सोडल्यावर तुम्ही बांधावर उभे राहून ते कुठवर पोचलं हे बघता, पाण्याला ढकलत नाही. तसं ते आहे. कपाळ आवळलं की आजही समजतो, मी ढकलतोय.

चौथ्या दिवशी खरी विपश्यना सुरू होते. डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागावर लक्ष न्यायचं आणि तिथे जे असेल ते बघायचं. ऊब, खाज, ठणका, मुंग्या, कपड्याचा स्पर्श. बरं असेल तर धरून ठेवायचं नाही, त्रासाचं असेल तर हाकलायचं नाही. दिवसातून तीनदा तासभर हात, पाय आणि डोळे न उघडता बसायचं असतं, त्याला अधिष्ठान म्हणतात. माझा उजवा गुडघा चाळिसाव्या मिनिटाला पेटायचा. सहाव्या दिवशी मी तो ठणका नीट बघितला, आणि दिसलं की तो सलग नाही. वाढतो, थांबतो, सरकतो, थोडा विरतो, परत येतो. मांडी न मोडताही तो बदलत होता. मला सगळ्या शिबिरात जर काही मिळालं असेल तर ते हे. रागाचंही पुढे असंच निघालं.

आता घरी आल्यानंतरचं, कारण शिबिर दहा दिवसांचं आणि आयुष्य शिफ्टमधलं. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसावं असं सांगतात. मला दोन्ही तास रोज जमत नाहीत. पहिल्या शिफ्टला सकाळी पाऊण तास आणि झोपायच्या आधी वीस मिनिटं होतात. तिसऱ्या शिफ्टचं मला दोन महिने कळलंच नाही. सकाळी खोलीवर येऊन लगेच बसायचो आणि शांत वाटायचं. ती शांती नव्हती, झोप होती. ओळखायची खूण अशी: झोप असली की मान पुढे येते, पाठीला पोक येतो, अर्धा तास कुठे गेला कळत नाही आणि उठल्यावर अंग आंबलेलं राहतं. नीट बसणं झालं की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, फक्त आपण त्यांच्यामागे जात नाही. आता तिसऱ्या शिफ्टला आधी झोपतो आणि दुपारी तीनला बसतो. जेवल्यावर बसत नाही. मधेच पेंग आली तर चार-पाच श्वास जरा जोराने घेतो, तरी नाही गेली तर उठून तोंडावर पाणी मारतो.

नोव्हेंबरमध्ये सलग तीन आठवडे काहीच होत नव्हतं. मन दोन श्वासांवरही टिकत नव्हतं, कंटाळा यायचा, एक-दोन दिवस बुडवलेही. सेटरकाकांना म्हटलं, सुटतंय बहुतेक. त्यांनी विचारलं, "मन गेलं हे कळतं का?" म्हटलं, कळतं, पण दहा वेळा जातं. ते म्हणाले, "मग दहा वेळा कळलं." तेव्हापासून मन किती वेळ टिकलं हे मोजायचं सोडलं.

आणि राग. तो गेलेला नाही आण्णा, आणि तसं मी तुम्हाला सांगणार नाही. फेब्रुवारीतला तुमचा फोन आठवतो? तुम्ही म्हणालात, एक जण किलोला 38 द्यायला तयार आहे, पैसे वीस दिवसांनी. रोखीवाला 35 म्हणतो. "वीस दिवसांनी" हे शब्द ऐकले आणि माझे कान गरम झाले. छातीच्या मधोमध मूठ वळल्यासारखं झालं, जबडा आवळला. गेल्या वर्षी हे सगळं झालंच असणार, तेव्हा दिसलं नव्हतं. ह्यावेळी आधी कान दिसले आणि शब्द नंतर होते. मध्ये जागा होती. म्हणून मी म्हटलं, "आण्णा, पाच मिनिटांत फोन करतो."

त्या पाच मिनिटांत मी ध्यान केलं नाही. गच्चीवर उभा राहिलो आणि छातीतली मूठ बघत राहिलो. ती हळूहळू सैल झाली. मग फोन करून मी एवढंच विचारलं, माल किती निघेल? तुम्ही म्हणालात, नव्वद क्विंटल. आपण दोघांनी फोनवर हिशेब केला. तीन रुपये जास्तीचे म्हणजे 27,000. आणि ते मिळवायला 3 लाख 42 हजार वीस दिवस दुसऱ्याच्या खिशात ठेवायचे. हिशेब होईपर्यंत तुम्हीच म्हणालात, "रोखीचाच बरा." मला काही पटवून द्यावं लागलं नाही. तुम्हाला व्यवहार कळत होता. गेल्या वर्षीही त्या व्यापाऱ्याबद्दल तुम्हाला शंका होती, हे आईने मला नंतर सांगितलं. तुम्ही विचारणार होतात, पण मी तेव्हा फोन उचलत नव्हतो.

झोपेचं सांगतो. पडल्यापडल्या लागते असं नाही, पण रात्री जाग आली की पूर्वीसारखं तासभर भांडण डोक्यात चालत नाही. पाठदुखी आहे तशीच आहे, ती मशीनवर उभं राहण्याची आहे. आणि कृपा करून माझं ऐकून तुमची बीपीची गोळी बंद करू नका. खुद्द गुरुजी अर्धशिशीने त्रासून ह्या मार्गाकडे वळले, तेव्हा त्यांच्या गुरूंनी डोकेदुखीच्या इलाजासाठी येणार असाल तर येऊ नका असं सांगितलं होतं.

तुमच्या मनात आणखी एक आहे, ते तुम्ही बोलला नाहीत. वारकऱ्याच्या घरातला मुलगा माळ सोडून हे काय करतोय. शिबिरात दहा दिवस जप, पूजा बाजूला ठेवायला सांगतात, कारण श्वासाला नाम जोडलं की मन नामाच्या आधाराने टिकतं आणि नुसतं बघणं राहून जातं. ते दहा दिवसांपुरतं होतं. तुमच्या जपाला मी कमी लेखत नाही. दर वर्षी त्र्यंबकहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर तुम्ही चालता, तेव्हा तुमचा चेहरा कसा असतो ते मी लहानपणापासून बघितलंय. आणि हे नाशिकला परकं नाही. चौथीत तुम्ही मला पांडवलेणीला नेलं होतं. त्या खोल्या भिक्षूंच्या राहण्याच्या. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. ते लेणं तिने भिक्षूंना दान दिलं होतं. आता सुट्टीच्या सकाळी मी पायऱ्या चढून तिथे जाऊन येतो.

त्या मार्चच्या संध्याकाळची माफी मी अजून मागितलेली नाही. दिवाळीत दोनदा तोंडाशी आली आणि मी मागे घेतली. ती ह्या पत्रात मागतो. मी चुकलो आण्णा. काकांसमोर बोललो होतो, तर काकांसमोरही मागेन.

शनिवारी रात्री येतोय. पहाटे साडेचारला ओसरीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात बसेन, आईला म्हणावं गोधडीची घडी तिथे ठेव. सव्वापाचपर्यंत मला हाक मारू नका, चहासुद्धा नको. तुमची माळ तुम्ही रोजच्या जागी घ्या, दिवा लावा, टाळ वाजवलेत तरी चालेल. सव्वापाचला दोघं मिळून बागेत जाऊ. खालच्या कोपऱ्यातली तार अजून सैल आहे असं आई म्हणत होती.

तुमचा,
लहाना