किरणाकृतींची सराववही: सत्रभर वापरल्यानंतर

आरसे आणि भिंगे या दोन प्रकरणांसाठी किरणाकृती काढण्याचा सराव करून घेणारी ही वही गेल्या सत्रापासून आमच्याकडे आहे. वापरणारी माझी भाची, शेजारी बसून बघणारी मी. वहीचं स्वरूप साधं आहे. प्रत्येक पानावर बारीक चौकटींच्या जाळीवर मुख्य अक्ष, आरसा किंवा भिंग आणि वस्तूचा बाण एवढंच छापलेलं असतं. किरण आपण काढायचे, प्रतिमा आपण शोधायची. पानाच्या माथ्यावर चिन्ह संकेताची आठवण देणारी पट्टी आहे आणि तळाशी वस्तूचं अंतर u, प्रतिमेचं अंतर v आणि नाभीय अंतर f यांच्या चौकटी आहेत. प्रत्येक चौकटीला डावीकडे आणखी एक छोटं घर जोडलेलं आहे, फक्त अधिक किंवा उणे लिहिण्यासाठी.

या छोट्या घरासाठी मी वहीला सगळ्यात जास्त गुण देईन. वहीची सूचना अशी आहे की v चं चिन्ह आकृतीत प्रतिमा सापडताक्षणी भरायचं, पण सूत्रात ते वापरायचं नाही. सूत्रात चिन्हासकट घालायचे ते फक्त माहीत असलेले आकडे. v ला तिथे मोकळं सोडायचं आणि शेवटी उत्तराचं चिन्ह घरातल्या चिन्हाशी ताडून बघायचं. मुलं नेमकी उलटं करतात. प्रतिमा आरशापुढे आहे हे कळलं की तिचं उणे चिन्ह सूत्रातही चिकटवतात आणि मग बेरजेची वजाबाकी होऊन बसते.

माथ्यावरच्या पट्टीत आभासी, वास्तव हे शब्द कुठेही नाहीत, हेही मला आवडलं. अंतरं आरशाच्या ध्रुवापासून किंवा भिंगाच्या प्रकाशीय मध्यापासून मोजायची. आपाती प्रकाश ज्या दिशेने जातो त्या दिशेची धन, उलट दिशेची ऋण. अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. बस, इतकंच. बऱ्याच मुलांच्या डोक्यात ‘आभासी म्हणजे ऋण’ असा शॉर्टकट बसलेला असतो. तो भिंगापुरता चालतो आणि आरशाला लावला की थेट फसतो. वहीत एक जोडपान आहे, ते पाहिल्यावर हा शॉर्टकट सुटतो. ते पान सविस्तर सांगते, कारण मला वाटतं वहीचा खरा उपयोग तिथेच आहे.

डाव्या पानावर अंतर्वक्र आरसा, नाभीय अंतर १० सेंटिमीटर. त्याच्यापुढे ६ सेंटिमीटरवर २ सेंटिमीटर उंचीची वस्तू, म्हणजे ध्रुव आणि नाभी यांच्या मध्ये. उजव्या पानावर बहिर्वक्र भिंग, त्याचंही नाभीय अंतर १० सेंटिमीटर, वस्तू तितकीच उंच आणि तितक्याच अंतरावर. आधी आरसा घेऊ. बाणाच्या टोकापासून अक्षाला समांतर निघालेला किरण परावर्तनानंतर नाभीतून जातो. दुसरा किरण असा घ्यायचा की तो नाभीकडून येऊन बाणाच्या टोकातून गेल्यासारखा वाटेल. परावर्तनानंतर तो अक्षाला समांतर होतो. परावर्तित झालेले हे दोन किरण आरशापुढे एकमेकांपासून दूर जातात, त्यामुळे त्यांना आरशामागे तुटक रेषांनी वाढवावं लागतं. त्या रेषा ध्रुवापासून १५ सेंटिमीटरवर, अक्षाच्या वर ५ सेंटिमीटरवर भेटतात. प्रतिमा आभासी, सुलटी, अडीचपट मोठी. आपाती प्रकाश डावीकडून उजवीकडे चालला आहे आणि प्रतिमा ध्रुवाच्या उजवीकडे आहे, म्हणून छोट्या घरात अधिक. आता सूत्र:

1/v + 1/u = 1/f
1/v = 1/(−10) − 1/(−6) = 2/30
v = +15

उजव्या पानावरच्या भिंगाचं उत्तर आकड्याने हुबेहूब तेच येतं, पण प्रतिमा वस्तूच्याच बाजूला, डावीकडे पडते:

1/v − 1/u = 1/f
1/v = 1/10 + 1/(−6) = −2/30
v = −15

दोन्ही प्रतिमा आभासी, दोन्ही सुलट्या, दोन्ही अडीचपट. चिन्हं मात्र विरुद्ध. पानं समोरासमोर असल्यामुळे कारण न सांगताच दिसतं: आरसा प्रकाश परत फिरवतो, म्हणून खरे किरण डावीकडे राहतात आणि तुटक रेषा उजवीकडे जातात, भिंग प्रकाश पलीकडे सोडतं, म्हणून खरे किरण उजवीकडे आणि तुटक रेषा डावीकडे. भाची पहिल्यांदा ते पान संपवून म्हणाली, ‘‘मावशी, मग आभासी-वास्तव बघायचंच नाही? फक्त बाजू बघायची?’’ हो, चिन्हासाठी फक्त बाजू. विशालनाच्या सूत्रातही हीच गंमत आहे. आरशासाठी −v/u, भिंगासाठी v/u, आणि दोन्हीकडे उत्तर +२.५. प्रतिमा सुलटी असल्याची खूण म्हणजे तो अधिक.

नुसतं चिन्ह जुळलं म्हणून उत्तर बरोबर असं मात्र धरू नये. याच आरशाच्या गणितात f चं उणे लिहायचं राहिलं तर v येतो +३.७५. चिन्ह अधिकच आहे, छोट्या घराशी छान जुळतं. पण ३.७५ हे तितक्याच नाभीय अंतराच्या बहिर्वक्र आरशाचं उत्तर आहे आणि त्यात प्रतिमा वस्तूपेक्षा लहान निघते. आकृतीत ती ढळढळीत मोठी दिसत असते. म्हणून आकृती मापात काढायला हवी. नुसती हाताने ओढलेली असेल तर ही चूक निसटते.

आता जिथे वही कमी पडते तिथे येते, आणि हा मुद्दा थोडा लांबेल.

सुरुवातीच्या पानांवर आरसा वक्र कमानीसारखा छापलेला आहे. पुढे तोच आरसा एक सरळ उभी रेषा होतो, मागच्या बाजूला तिरप्या बारीक रेघा मारलेली. का, हे वहीत कुठेच लिहिलेलं नाही. मुलांना वाटतं छपाई सोपी व्हावी म्हणून केलं असेल. पण वरचंच उदाहरण खऱ्या मापात, २० सेंटिमीटर त्रिज्येच्या कमानीवर काढून बघा. नाभीकडून आलेला किरण अक्षापासून बराच वर, जवळजवळ पावणेपाच सेंटिमीटरवर आरशाला भेटतो. तिथे कमान ध्रुवापेक्षा अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त पुढे आलेली असते. परिणाम असा की प्रतिमा १५ च्या जागी साधारण १३.४ सेंटिमीटरवर पडते. त्याच कमानीवर दुसरा किरण नाभीऐवजी वक्रता केंद्राच्या रेषेतला घेतला तर ती १४.१ च्या आसपास पडते. तिन्ही किरण काढले तर ते एका बिंदूत न भेटता छोटा त्रिकोण करतात आणि मूल खोडरबर घेऊन बसतं. हात अजिबात चुकलेला नसतो. सूत्र आणि किरणांचे नियम हे अक्षाच्या अगदी जवळच्या किरणांसाठी आहेत, आणि कागदावर आपण वस्तू ऐटीत उंच काढतो. ध्रुवातून जाणारी उभी रेषा हाच आरसा मानला की तिन्ही किरण नेमके १५ वर भेटतात.

त्या सरळ रेषेचा आणखी एक फायदा वहीने वापरलाय, पण तोही न सांगता. मागच्या पानांवर उभं माप आडव्यापेक्षा वेगळं आहे. आरसा सरळ रेषा असल्यावर उंची दुप्पट ताणली तरी प्रतिमेचं अंतर तेच राहतं. आम्ही कमानीच्या पानांवरही ध्रुवातून पेन्सिलने उभी रेषा मारून घ्यायला लागलो आणि त्रिकोणाची कटकट संपली.

कोणते दोन किरण निवडायचे हे वही पूर्णपणे आपल्यावर सोपवते. त्यात थोडं मार्गदर्शन हवं होतं. या उदाहरणात समांतर किरण आणि वक्रता केंद्राचा किरण ही जोडी घेतली तर आरशामागच्या दोन तुटक रेषांमध्ये जेमतेम ३ अंशांचा कोन असतो. एक रेषा मिलिमीटरभर सरकली की छेदबिंदू दीड सेंटिमीटरहून जास्त पळतो. समांतर किरण आणि नाभीचा किरण घेतला तर तेवढ्याच चुकीने तो साधारण अर्धा सेंटिमीटर हलतो. उत्तर थोडक्यात चुकलं की मुलं आधी चिन्हांवर संशय घेतात आणि बरोबर असलेली चिन्हं बदलून टाकतात, म्हणून हे महत्त्वाचं. वस्तू नाभीच्या आत असेल तर नाभीचा किरण घ्या, असं एक वाक्य पट्टीत चाललं असतं.

किरकोळ तक्रारी आहेतच. शेवटची उत्तराची पानं लहान करून छापली आहेत, त्यामुळे आपली आकृती त्यावर ठेवून ताडता येत नाही. मोजून बघावं लागतं. कागद दोनदा खोडला की फुलतो. काही उत्तरांत तुटक रेषांवरही बाणाची टोकं छापली आहेत. हे बरोबर नाही, कारण त्या रेषांवरून प्रकाश जातच नाही. भाचीने ती टोकं लाल पेनने खोडून टाकली आहेत.

वस्तू उजवीकडे ठेवलेली दोनच पानं मला दिसली. ती अवघड वाटतात, पण टाळू नका. तिथे प्रकाश उजवीकडून डावीकडे जातो, म्हणजे धन दिशा डावीकडची होते. ‘डावीकडे उणे’ असं पाठ केलेलं मूल लगेच अडखळतं; पट्टी नीट वाचलेलं मूल तेच u = −६ लिहून पुढे जातं. वस्तू बरोबर नाभीवर असलेलं पानही छान आहे. किरण समांतर निघतात, तुटक रेषाही भेटत नाहीत आणि v ची चौकट तशीच रिकामी राहते. उत्तरात तिथे ‘अनंत’ लिहिलं आहे आणि चिन्हाचं घर मोकळं ठेवलं आहे, हे योग्य वाटलं.

दोन भिंगं एकापुढे एक असलेली उदाहरणं यात नाहीत. ती हवी असतील तर दुसरं काही बघावं लागेल. पहिल्या दोन प्रकरणांपुरती ही वही घ्यायला हरकत नाही. घेतल्यावर जोडपानांच्या कोऱ्या प्रती आधीच काढून ठेवा, कारण एकदा भरलेलं पान पुन्हा वापरता येत नाही आणि ती पानं एकदा सोडवून भागत नाही. प्रत काढताना ‘पानाला बसवा’ हा पर्याय बंद ठेवा. तो चालू राहिला तर जाळी थोडी आक्रसते आणि मग पट्टीने मोजलेला आकडा गणिताशी जुळत नाही.