कारचं उरलेलं ऑइल माझ्या बाईकमध्ये, आणि क्लच प्लेटचं बिलही मलाच

मी कासारवडवलीला राहतो, नोकरी मीरा रोडला. त्यामुळे रोज घोडबंदर रोडने गायमुखचा घाट चढतो. बाईक १५० सीसीची, पाच वर्षं जुनी, क्लचची कधीच तक्रार नव्हती. पावसाळ्याआधी घराजवळच्या गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतलं. बिलावर लिहिलं होतं ‘बाईक सिंथेटिक, १ लिटर, ६५० रुपये’.

चौथ्या दिवशी घाटात ओव्हरटेक करायला रेस दिली. इंजिनाचा आवाज चढला, आरपीएमचा काटा सहा हजारांच्या पुढे गेला, पण गाडी होती त्याच वेगात. मागून डंपर येत होता. कसाबसा डावीकडे घेतलं. सपाट रस्त्यावर सावकाश चालवताना काहीच जाणवत नव्हतं. टॉप गिअरला जोर पडला की हा प्रकार व्हायचा.

गॅरेजवाला म्हणाला, “साहेब, प्लेटा जळल्या. पाच वर्षं झाली ना!” मी क्लच लिव्हरचा फ्री प्ले बघायला सांगितला, कारण केबल जास्त ताणलेली असली तरी क्लच असाच सरकतो. फ्री प्ले बरोबर निघाला. मग प्लेटा बदलल्या, २,८०० रुपये दिले. जुन्या प्लेटा मागून घेतल्या, हे एक बरं केलं.

क्लचचं कव्हर उघडायचं म्हणजे ऑइल काढावं लागतं. त्याने परत भरलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. कॅन मोठा, आधीच फोडलेला. मी विचारलं तर काम करणारा पोरगा सहज बोलून गेला, “टॅक्सीत साडेतीन लिटर जातं, उरलेलं बाईकला वापरतो.” मालकाने त्याच्याकडे असं बघितलं की पोरगा गप्प झाला. मी कॅनच्या लेबलचा फोटो काढून घेतला.

आठवडाभरात नव्या प्लेटाही घाटात सरकायला लागल्या. तेव्हा मी नौपाड्यातल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी तो फोटो मोठा करून बघितला. लेबलवर ५डब्ल्यू-३० होतं, गोल शिक्क्याच्या खालच्या अर्ध्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे शब्द होते, आणि ‘जासो’ हे नाव कुठेच नव्हतं.

काकांनी समजावलं ते असं. कारचा क्लच इंजिनाच्या बाहेर, कोरडा असतो. आपल्या बहुतेक गिअरच्या बाईकमध्ये मात्र क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. अस्तर लावलेली एक प्लेट, मग लोखंडी प्लेट, पुन्हा अस्तराची, अशी चळत स्प्रिंगने दाबलेली असते. त्या एकमेकींना घासून धरतात तेव्हाच चाकाला ताकद मिळते. पेट्रोल वाचावं म्हणून कारच्या अशा ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घालतात, त्यातलं एक मॉलिब्डेनमचं संयुग. ती प्लेटांच्या पृष्ठभागावर चिकटतात. इंजिनाला त्याचा फायदा, पण क्लचला जे घर्षण हवं तेच निघून जातं. कारचं प्रत्येक ऑइल असं नसतं, ५डब्ल्यू-३० हा नुसता आकडा बघून ते कळतही नाही. म्हणून ओल्या क्लचसाठी जासो या जपानी मानकाचा एमए किंवा एमए२ शिक्का बघायचा. एमए२ मध्ये घर्षण जास्त टिकतं. एमबी म्हणजे कमी घर्षणाचं. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिथे ते चालतं, आपल्या बाईकला नाही.

मग त्यांनी माझ्या जुन्या प्लेटा व्हर्नियरने मोजल्या. २.९ मिलिमीटर. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बदलायची मर्यादा २.६ आहे. अस्तर काळं पडलेलं नव्हतं, जळका वासही नव्हता. म्हणजे प्लेटा जळल्याच नव्हत्या. चांगला माल काढून मला २,८०० ला नवीन विकला, आणि बिघाड ज्याने झाला तेच ऑइल पुन्हा ओतलं.

काकांनी ऑइल काढलं, मॅन्युअलप्रमाणे १०डब्ल्यू-३० एमए२ चा सीलबंद डबा माझ्यासमोर फोडून भरला. एकदा काढून सगळं निघत नाही, प्लेटांवर आणि इंजिनाच्या कोपऱ्यांत राहतंच. म्हणून दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा बदललं. पहिल्या भरण्यानंतर सरकणं कमी झालं, दुसऱ्यानंतर थांबलं. प्लेटा जास्त दिवस सरकत राहून चकचकीत झाल्या असत्या, तर ऑइल बदलूनही त्या वाचल्या नसत्या, असं ते म्हणाले.

मी फोटो आणि जुन्या प्लेटा घेऊन गॅरेजवाल्याकडे गेलो. “ऑइल ते ऑइल, बाईकचं काय आणि कारचं काय,” असं म्हणून त्याने पैसे द्यायला नकार दिला. आमच्या सोसायटीतल्या तीन बाईक तिथेच सर्व्हिसिंगला जातात. त्या तिघांना मी तपासायला सांगितलंय: मोकळ्या सपाट रस्त्यावर टॉप गिअरला चाळीसच्या वेगाने चालवा, क्लचला हात न लावता रेस पूर्ण द्या, आणि आरपीएमचा काटा एकटाच उडी मारतो का ते बघा. एकाचा मारतो. त्याचा डबा कोणी, कधी फोडला हे त्याला आठवत नाही.