आउटेजची समरी लिहायचा फुकटचा नमुना, काही महिने वापरल्यावर

पेड टूल माणशी दर महिन्याला पैसे मागायलं होतं, म्हणून आमच्या लातूरच्या टीमनं शेअर्ड डॉकमधेच नमुना बनवला. चार रकाने: काय बंद, कोणाला फटका, सध्या काय चालू, पुढचा अपडेट किती वाजता. मी तर याला अर्धेच मार्क देणार होतो, कारणाचा रकानाच नाही म्हणून. मग ऐन सोयाबीनच्या हंगामात अडत बिलिंग झोपलं.

चॅटवर काय चाललं होतं बघा: 'डीबी मेली', 'डिस्क फुल असंल', 'सकाळी कोणी डिप्लॉय केलं रे', 'डेटा गेला वाटतं'. तिकडून डायरेक्टर साहेब विचारायलेत काय झालं, काय झालं. या सगळ्यात पक्की गोष्ट एकच, लॉगमधली ही ओळ:

```
FATAL: sorry, too many clients already
```

म्हणजे डीबी जित्ती होती, नवीन कनेक्शन घेत नव्हती एवढंच. साहेबांना गेलं ते असं: "सकाळी 11:38 पासून नवीन पट्टी निघत नाहीये, यार्डातल्या सगळ्या अडत्यांना अडचण आहे. डेटाबेसची कनेक्शनं संपलीत, सकाळचा बदल मागे घेतोय. आधीच्या पट्ट्या तपासणं चालू आहे. पुढचा अपडेट 12:15 ला." डेटा गेला असं लिहिलं नाही आणि डेटा सेफ आहे असंबी नाही, कारण तोवर दोन्हीपैकी काहीच कोणी तपासलं नव्हतं.

तेवढ्यात एकानं डीबी रिस्टार्ट मारली, पट्टी निघाली, चॅटवर 'झालं चालू' आणि अंगठेच अंगठे. थोड्या वेळात परत तीच एरर. सकाळच्या डिप्लॉयमधे प्रत्येक ॲप सर्व्हरचा पूल 20 वरून 30 केला होता, सर्व्हर 4, म्हणजे 120 कनेक्शन मागायलेत आणि `max_connections` 100 वरच. रिस्टार्टनं पूल परत भरेपर्यंतच दम निघाला. ते 'झालं चालू' वर गेलं असतं तर पुढचा फोन कोण उचलणार होतं? रोलबॅकनंतर 15 मिनिटं एरर नाही हे बघून मगच 'सुरळीत' लिहिलं. कारणाचा रकाना नाही तेच बरं, असं आता वाटतं. घाईत त्यात 'डिस्क फुल' बसलं असतं. कारण दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टात जाऊ द्या.

पण वेळेचं डोकं दुखणं काही जाईना. लॉग यूटीसीत, चॅट भारतीय वेळेत. लॉगमधे 06:08 आणि चॅटवर 11:38, दोन्ही एकच मिनिट. पहिल्या मसुद्यात पोरानं 06:08 पासून बंद लिहिलं होतं, म्हणजे साहेबांच्या लेखी आम्ही साडेपाच तास झोपलेलो, आणि सहाला यार्डात कोण पट्टी काढतं ओ? रकान्याशेजारी लाल अक्षरात 'लॉग + 5:30' टाकलं तरी कोणी वाचत नाही. एक स्टार त्याचाच कापला, बाकी चार.