रिकामी जागा भरताना सुरुवात कुठून करावी: व्याकरण, अर्थ की आजूबाजूचे शब्द?

उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या तीन वाटा आहेत. जागेत कोणतं रूप बसतं ते व्याकरणाने बघायचं, वाक्याला काय म्हणायचं आहे ते अर्थाने बघायचं, किंवा मागच्यापुढच्या शब्दांत खूण शोधायची. तिन्ही लागतातच. पण वेळ मोजका असतो, म्हणून हात आधी कशाला घालायचा हे ठरवावं लागतं. माझ्या मते हे रिकाम्या जागेकडे बघून ठरत नाही, दिलेल्या पर्यायांकडे बघून ठरतं. पर्यायांमध्ये फरक कशाचा आहे ते पाहा. त्या फरकानेच वाट सांगितलेली असते.

एक छोटा उतारा घेऊ.

‘अन्न सापडलेली मुंगी वारुळाकडे परतताना जमिनीवर एका रसायनाचा माग (१) ____. मागून येणाऱ्या मुंग्यांना त्या (२) ____ अन्नापर्यंत पोहोचता येतं. जितक्या जास्त मुंग्या त्या वाटेने जातात, (३) ____ तो वास तीव्र होतो. अन्न संपल्यावर मात्र परतणाऱ्या मुंग्या काहीच सोडत नाहीत, (४) ____ माग हळूहळू विरून जातो.’

पहिल्या जागेचे पर्याय: सोडतो, सोडते, सोडला, शोधते. यातले तीन एकाच धातूचे आहेत, फरक फक्त रूपाचा. इथे व्याकरणाने सुरुवात केली तर निम्मं काम लगेच उरकतं. ‘सोडतो’ चुकीचं ठरतं, कारण कर्ता ‘मुंगी’ आहे. तरी ते बरोबर वाटायला लावण्याची सोय करून ठेवली आहे: जागेला चिकटून पुल्लिंगी ‘माग’ आहे आणि मराठीत ‘माग सोडला’ असं कर्माप्रमाणे चालणारं क्रियापद कानाला सवयीचं असतं. पण ‘सोडला’ यायचं तर ‘मुंगीने’ हवं होतं. कर्त्याला ‘ने’ नाही, म्हणून क्रियापद कर्त्यामागे जाणार. उरले ‘सोडते’ आणि ‘शोधते’. दोन्ही व्याकरणाने चोख आहेत. आता अर्थाकडे वळायचं: अन्न आधीच सापडलं आहे, ती परत निघाली आहे आणि पुढच्या वाक्यात दुसऱ्या मुंग्या त्या खुणेचा उपयोग करतात. म्हणजे ती माग सोडते.

दुसऱ्या जागेचे पर्याय: वास, वाटा, चवीने, वासाने. इथे ‘त्या’ हा शब्द बारकाईने बघावा लागतो. ‘त्या’ दोन ठिकाणी येतं: स्त्रीलिंगी अनेकवचनाआधी (त्या वाटा) आणि प्रत्यय लागलेल्या नामाआधी (त्या वासाने). ‘वास’ एकटा आला असता तर आधी ‘तो’ असता, म्हणून तो बाद. ‘वाटा’ ‘त्या’शी जुळतं, पण ‘मुंग्यांना त्या वाटा पोहोचता येतं’ हे वाक्यच उभं राहत नाही. तिथे साधन दाखवणारं रूप हवं. आता ‘चवीने’ की ‘वासाने’? व्याकरण गप्प बसतं आणि या वाक्याचा अर्थही फारशी मदत करत नाही. उत्तर पुढच्या वाक्यात आहे: ‘तो वास’. ‘तो’ म्हटलं म्हणजे त्या वासाचा उल्लेख आधी होऊन गेला आहे, आणि तो होण्याजोगी जागा हीच. माझा आग्रह आहे की पर्याय न बघता उतारा एकदा शेवटपर्यंत वाचावा, तो यासाठीच. जागेच्या आधीची खूण बहुतेकांना दिसते, नंतरची सुटते.

तिसऱ्या जागेत ‘तितका’ आणि ‘तितक्या’ समोरासमोर ठेवले तर पुष्कळांचा हात ‘तितक्या’कडे जातो, कारण वाक्याच्या सुरुवातीला ‘जितक्या’ आहे. जवळच्या खुणेने जोडी अचूक सांगितली, जितका–तितका. पण रूप ती सांगत नाही. ‘जितक्या’ मुंग्यांमुळे आलं; दुसऱ्या भागात तीव्र होतो तो वास, म्हणून ‘तितका’. खूण आणि व्याकरण दोन्ही विचारावीत, नुसत्या आवाजाच्या साम्यावर जाऊ नये.

चौथ्या जागेत व्याकरणाने सुरुवात करणाऱ्याचा वेळ वाया जातो. पर्याय असे: त्यामुळे, कारण, तरीही, शिवाय. चारही अव्ययं, चारही तिथे बसतात. इथे दोन्ही वाक्यांत नातं काय ते थेट विचारावं. नवा वास पडत नाही हे कारण, माग विरतो हा परिणाम, म्हणून ‘त्यामुळे’. ‘कारण’ घातलं तर क्रम उलटतो, माग विरल्यामुळे मुंग्या काही सोडत नाहीत असं होतं. उभयान्वयी अव्ययांच्या जागी माझी एक सवय: ‘त्यामुळे’ निवडावंसं वाटलं की दोन्ही वाक्यांची अदलाबदल करून मध्ये ‘कारण’ घालून बघायचं. ‘माग विरतो, कारण मुंग्या काही सोडत नाहीत’ हे पटतं, म्हणजे मूळ क्रमात ‘त्यामुळे’च हवं.

काही पर्याय मात्र असे असतात की शब्दजात तीच, रूप तेच आणि अर्थही जवळजवळ सारखे. ‘आईने बाळा____ लक्ष ठेवलं’ यात जागा प्रत्ययाची असो वा क्रियापदाची, उत्तर शब्दांच्या संगतीतून येतं. आपण कुणाकडे लक्ष देतो, कुणावर लक्ष ठेवतो आणि कुणाचं लक्ष वेधून घेतो. ‘कडे’, ‘वर’ आणि ‘चं’ यांतलं एक जरी दिसलं तरी क्रियापद बहुधा ठरून जातं. नियम घोकून हे येत नाही, भरपूर वाचनाने येतं. तरी जागेच्या लगतचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय बघायची सवय लावली तर बऱ्याच जागा सुटतात.

इंग्रजी उताऱ्यांचीही तयारी चालू असेल तर हे प्रमाण बदलतं. मराठीत लिंग, वचन आणि सामान्यरूप मिळून बरेच पर्याय गाळून टाकतात. इंग्रजीत नामाला तसं लिंग नाही आणि विशेषणाचं रूप लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे व्याकरणाची चाळणी मोठ्या भोकांची असते. जागेआधी ‘अॅन’ असेल तर पुढचा उच्चार स्वराने सुरू व्हायला हवा, अशा खुणा तिथेही असतात. पण भार अर्थावर आणि शब्दांच्या संगतीवर जास्त पडतो.

पर्यायच दिलेले नसतील तर हिशोब निराळा. अमेरिकन संशोधक विल्सन टेलर यांनी 1953 मध्ये पर्यायांविना गाळलेल्या जागा भरायची पद्धत मांडली ती मजकूर किती सुवाच्य, म्हणजे वाचायला किती सोपा, हे मोजण्यासाठी. त्यात शब्द निवडून नव्हे, ठरावीक अंतराने गाळायचे. अशा उताऱ्यात कधी ‘आणि’ गाळला जातो, कधी एखादं आडनाव. पहिला व्याकरणाने सहज भरता येतो. दुसरा उताऱ्यात इतरत्र आला नसेल तर कोणत्याच वाटेने सापडत नाही. अशा जागेवर अडून बसू नये. तपासणी मूळ शब्दच हवा अशी आहे की अर्थाने चालणारा कोणताही शब्द मान्य आहे, हेही आधी विचारून घ्यावं. मूळच शब्द हवा असेल तर नवा, सुंदर शब्द शोधू नये. लेखकाने त्याच उताऱ्यात आधी वापरलेला शब्द पुन्हा आला असण्याची शक्यता पहिली धरावी.

भरायचा क्रमही महत्त्वाचा. दुसऱ्या जागेत ‘चवीने’ घातलं की पुढचा ‘तो वास’ खटकायला हवा. तो खटकला नाही, तर आपण प्रत्येक वाक्य सुटं वाचतो आहोत. म्हणून क्रमांकाने जाऊ नये. ज्या जागेत एकच पर्याय उरतो ती आधी भरावी, दोन उरले तर दोन्ही पेन्सिलने लिहून पुढे जावं आणि उतारा संपल्यावर परत यावं. तोवर शेजारच्या जागा भरलेल्या असतात आणि आधी नसलेल्या खुणा हाताशी येतात.