पॅचचं ‘सॅम्पल’ म्हणून आलेला फोटो: आमच्या पथकाची झालेली फसवणूक

गणपतीच्या तोंडावर ढोल-ताशा पथकं, मंडळं, शाळांचे संघ सगळेच कुर्त्यावर लावायचे भरतकामाचे पॅच बनवून घेतात. यंदा आमच्या पथकाची यात फसवणूक झाली. पद्धत इतकी सफाईदार होती, की ती सविस्तर लिहिलीच पाहिजे असं वाटलं.

आम्हाला १२० पॅच हवे होते. गोल, मरून कापडावर सोनेरी धाग्यात ‘ढोल ताशा पथक’, खाली बारीक अक्षरांत स्थापनेचं वर्ष. इंटरनेटवर सापडलेल्या परगावच्या एका विक्रेत्याने ५५ रुपयांचा दर दिला आणि निम्मी रक्कम आणि पंचिंगचे वेगळे पैसे आगाऊ घेतले. पंचिंग म्हणजे अक्षरांवर टाके कुठून कुठे जातील हे मशीनसाठी ठरवून फाइल बनवणं. ठरल्याप्रमाणे आधी एक नग भरून त्याचा फोटो आम्हाला दाखवायचा, आम्ही होकार दिला की उरलेले पैसे आणि मग माल. या धंद्याची रीत हीच आहे.

फोटो आला. धागा चमकत होता, टाके सुटे सुटे दिसत होते, कडेची ओव्हरलॉकची गोठ उठून दिसत होती, आणि मधोमध आमचं नाव. ग्रुपवर सगळ्यांनी वाहवा केली. उरलेले पैसे गेले. मग कुरिअरचा खोटा नंबर आला, दोन दिवस ‘गाडी निघाली आहे’ सुरू राहिलं आणि नंतर फोन बंद.

घाईने दुसरीकडून पॅच करून घ्यायचे म्हणून आम्ही पेठेतल्या एका एम्ब्रॉयडरीवाल्या काकांकडे तोच फोटो घेऊन गेलो. त्यांनी तो मोबाइलवर मोठा करून पाहिला आणि म्हणाले, “अहो, हे भरलेलंच नाहीये. दुसऱ्या कुणाच्या तरी पॅचवर तुमची अक्षरं बसवली आहेत.” पुढचा अर्धा तास त्यांनी आम्हाला जे दाखवलं, तेच इथे सांगतो.

पॅचवरची अक्षरं बहुतेक सॅटिन टाक्यात भरतात. यात धागा रेघेच्या आडवा जातो. म्हणजे अक्षराचा काना उभा असेल तर त्यावरचे धागे आडवे, आणि शिरोरेघ आडवी असते म्हणून तिच्यावरचे धागे उभे. वळणावर धागे पंख्यासारखे पसरतात, आतल्या बाजूला दाटतात. फसवणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं. त्याने फोटोवर नुसता फॉन्ट टाकून त्याला कापडाचा पोत दिला नव्हता. तसं केलं असतं तर सगळ्या अक्षरांवर टाके एकाच दिशेने गेले असते आणि आम्हालाही खटकलं असतं. त्याने मूळ पॅचवरच्या अक्षरांचे तुकडे कापून नवी अक्षरं जुळवली होती. कान्याला काना, वळणाला वळण. त्यामुळे टाक्यांची दिशा सगळीकडे बरोबर होती.

पण मूळ नाव लहान असणार, कारण आमच्या तीन शब्दांची शिरोरेघ त्याला पुरलेली नव्हती. शिरोरेघ नुसती लांबवली असती तर तिच्यावरचे उभे धागे जाड दिसले असते. म्हणून त्याने एक काना ९० अंशांत फिरवला आणि शिरोरेघ म्हणून जोडला. फिरवल्यावर आडवे धागे उभे झाले, म्हणजे दिशा जुळली. चमक मात्र जुळली नाही, आणि तिथेच तो सापडला.

काकांनी टेबलावरचा एक खरा पॅच खिडकीजवळ धरून फरक दाखवला. रेयॉनचा किंवा पॉलिस्टरचा धागा गुळगुळीत, गोल असतो. प्रकाश धाग्याच्या आडव्या बाजूने आला की धागा उजळतो, लांबीच्या दिशेने आला की मंद दिसतो. उजेड डावीकडून असेल तर शिरोरेघेचे उभे धागे उजळतात आणि जवळजवळ सगळा पट्टा चमकतो. कान्याचे आडवे धागे मात्र मंद राहतात. सॅटिन मधे थोडं फुगलेलं असतं, म्हणून कान्याच्या डाव्या उतारावर तेवढी एक बारीक उभी रेघ चकाकते. आमच्या फोटोत कान्यांवर डावीकडे तशी रेघ होतीच. पण शिरोरेघेवर पट्टाभर चमक नव्हती. तिथेही एक बारीक चकाकती रेघ होती, वरच्या काठाला, आणि खालच्या काठाला सावली. म्हणजे कान्यांवर उजेड डावीकडून पडलेला आणि शिरोरेघेवर वरून. एकाच पॅचवर, एकाच फोटोत हे होऊच शकत नाही.

मग त्यांनी ‘ताशा’मधले दोन काने शेजारी शेजारी मोठे केले. दोन्हींवर वरून एकतृतीयांश अंतरावर धाग्याचं एक सुटलेलं वेटोळं होतं, त्याच आकाराचं, त्याच बाजूला कललेलं. एकाच फाइलवरून भरलेली दोन अक्षरं सारखी येतात, पण धाग्याचे असे अपघात दोनदा सारखे होत नाहीत.

स्थापनेचं वर्ष तर मशीनवर भरणंच अशक्य होतं. फोटोत त्या आकड्यांची उंची, पॅचच्या मानाने मोजली तर, जेमतेम तीन मिलिमीटर होती, आणि कोपरे छापल्यासारखे धारदार. नेहमीची ७५ नंबरची सुई पाऊण मिलिमीटर जाड असते आणि नेहमीचा ४० नंबरचा धागा साधारण ०.४ मिलिमीटर. पाच मिलिमीटरच्या खाली गेलं की अक्षरांची पोटं बुजायला लागतात. बारीक अक्षरांसाठी पातळ धागा आणि बारीक सुई लावतात, पण तरीही इतके स्वच्छ कोपरे येत नाहीत. देवनागरीत तर अनुस्वार आणि मात्रा आधी जातात.

एक गोष्ट स्पष्ट करतो. ऑर्डर घेण्याआधी असं जुळवलेलं चित्र दाखवणं यात काही गैर नाही. प्रामाणिक विक्रेतेही दाखवतात, पण ‘हे नुसतं डिझाइन आहे’ असं सांगतात. जुळवलेलं चित्र भरलेला नमुना म्हणून पाठवून पैसे मागणं ही फसवणूक आहे.

तर उरलेले पैसे देण्याआधी दोन गोष्टी मागा. पहिली, पॅच हातात धरून खिडकीजवळ सावकाश पाव फेरा फिरवल्याचा व्हिडिओ. खऱ्या पॅचवर शिरोरेघ मंद होत जाते आणि काने उजळत जातात, चमक एकीकडून दुसरीकडे सरकते. स्थिर फोटोत तुकडे जोडणं सोपं आहे, ही सरकणारी चमक जुळवणं फार कठीण. दुसरी, मागच्या बाजूचा फोटो, चिकटपट्टी किंवा बॅकिंग लावण्याआधीचा. तिथे अक्षरं उलटी दिसतात आणि प्रत्येक रेघेच्या मधोमध बॉबिनच्या धाग्याची, बहुतेक वेळा पांढरी, पट्टी दिसते. फोटो व्हॉट्सअॅपवर येणार असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो आणि नेमके टाक्यांचे बारकावे पुसले जातात. जो विक्रेता ‘मशीन दुसऱ्या कामावर लागलंय, व्हिडिओ नंतर देतो’ म्हणतो, त्याला पैसेही नंतरच द्या.

पैसे गेलेच असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम समोरच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक, चॅट आणि तो फोटो आला तसाच ठेवा, कापू नका, त्यावर खुणा करू नका. आम्ही तक्रार केली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत.

त्या माणसाकडे मूळ पॅचचा फोटो आहेच, तो त्यावर आणखी नावं बसवणार. मरून गोल, सोनेरी अक्षरं, डावीकडून उजेड, आणि कान्यावर वरच्या बाजूला ते सुटलेलं वेटोळं. असा फोटो तुमच्या मंडळाच्या नावाने आला तर पैसे पाठवू नका, आणि १९३० वर तुम्हीही कळवा.