जिन्यावरून टाइल्सची पेटी: फरशीची की भिंतीची?

लांबी, रुंदी आणि जाडी सेंटीमीटरमध्ये गुणा, मग घनतेने गुणा. वजन ग्रॅममध्ये मिळतं.

व्हिट्रिफाइड फरशी: 60 × 60 × 0.9 म्हणजे 3240 घन सेंटीमीटर. घनता साधारण 2.3, म्हणून एक टाइल सुमारे 7.45 किलो आणि चारची पेटी जवळपास 30 किलो. ही दोघांनीच उचलावी. वळणावर तोल जातो तो हिच्यामुळेच.

भिंतीची सिरॅमिक: 30 × 45 × 0.8, घनता 1.9 धरली तर टाइल 2.05 किलो, सहाची पेटी 12.3 किलो. एकट्याला झेपते, पण खेपा वाढतात. शिवाय ही सच्छिद्र असते. पावसात भिजली तर पेटीचं वजन किलोभर सहज वाढतं, आणि ओला पुठ्ठा तळातून फाटतो.